'तर' की 'का': एका 'विल'मुळे गेटवर थांबलेली गाडी

शनिवारी सकाळी साडेदहाला गेटवरून फोन आला. "साहेब, हैदराबादची गाडी लागलीय. माल कुठं उतरवायचा?" मी खिडकीतून पाहिलं. दहा चाकी गाडी, वर ताडपत्री, त्याच्याही वर भरून आलेलं आभाळ. आणि गोदामाच्या ओट्यावर एकही हमाल नव्हता.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करतो. हंगाम सरला की डेपोंमध्ये न विकलेलं बी परत येतं, त्याला आम्ही रिटर्न माल म्हणतो. हा माल नुसता उतरवून चालत नाही. लॉट नंबरप्रमाणे पोती वेगळी काढायची, थप्पी लावायची, प्रत्येक लॉटमधून नमुना काढून उगवण चाचणीला पाठवायचा. हे माणसांचं काम आहे आणि माणसं आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत सांगावी लागतात. सप्टेंबरात तर मोंढ्यात मूग-उडदाची आवक सुरू झालेली असते. आपण सांगितलं नाही तर टोळी सरळ तिकडं जाते आणि त्यात तिची काही चूक नसते.

गाडीत ३१० पोती होती. ती शनिवारी उतरली नाहीत. रविवारी तर प्रश्नच नव्हता. सोमवारी दुपारी शेवटचं पोतं खाली आलं, तोवर गाडी दोन दिवस अडकवल्याचं भाडं, म्हणजे हॉल्टिंग, लागलं होतं आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून पाणी जाऊन ११ पोती भिजली होती. भिजलेलं बी म्हणजे चाचणीलाही न पाठवता बाजूला काढायचं बी.

हे सगळं एका इंग्रजी वाक्यामुळे झालं. वाक्य व्याकरणाने चुकलेलंही नव्हतं आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

बुधवारची मेल

डिस्पॅचची मेल आमच्याकडे एक तरुण पोरगा बघतो. अंबड तालुक्यातला, मराठी माध्यमातून बी.कॉम. केलेला, कामाला चोख. हैदराबाद डेपोचे साहेब तेलुगू बोलणारे. फोनवर दोघं हिंदीत बोलतात, पण मालाची हालचाल मेलवर लागते आणि हेड ऑफिसला प्रत जात असल्यामुळे ती इंग्रजीत लागते. बुधवारी त्याने लिहिलेलं वाक्य असं होतं. (इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच देतो. आम्ही दोघांनी ती कागदावरून मोठ्याने वाचत-वाचतच तपासली होती.)

"प्लीज लेट मी नो इफ यू सेंड द ट्रक ऑन फ्रायडे नाइट. आय विल अरेंज द लेबर."

गुरुवारी उत्तर नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर नाही. पोराने अर्थ लावला की गाडी काही निघत नाही आणि हमालांच्या मुकादमाला "उद्या नको" म्हणून सांगून टाकलं. शुक्रवारी रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी साहेबांची मेल आली, "ट्रक लेफ्ट ॲट ९:४०", सोबत बिल्टीची प्रत. ती मेल कुणी पाहिली नाही, कारण ऑफिस केव्हाच बंद झालं होतं.

शनिवारी मी साहेबांना फोन लावला. माझा सूर जरा चढलेलाच होता. ते शांतपणे म्हणाले, "आपके लड़के ने लिखा था, भेजे तो बताना. मैंने भेजा, तो बताया."

त्यांचं बरोबर होतं. वाक्यात तेच लिहिलेलं होतं.

मी पोराला बोलावलं. तो म्हणाला, "सर, मी तर इचारलं होतं की, गाडी पाठवायले का नाही म्हणून."

त्याचंही खरं होतं. त्याच्या मनात तेच होतं. मनातला प्रश्न आणि कागदावरची अट, यांच्यामध्ये कुठेतरी एक शब्द गळाला होता. तो शब्द 'विल' होता, आणि तो माझ्यामुळे गळाला होता.

दहा दिवस आधी

त्याआधीच्या आठवड्यात त्याच्या मेलच्या प्रती माझ्याकडे येत होत्या. जवळजवळ प्रत्येकीत तीच चूक दिसायची.

"इफ यू विल सेंड द स्टॉक स्टेटमेंट टुडे, आय विल डू द एंट्री."
"इफ एनी बॅग विल बी डॅमेज्ड, प्लीज टेक फोटो."
"इफ देअर विल बी एनी प्रॉब्लेम, कॉल मी."

मी त्याला टेबलाशी बोलावून एका वाक्यात नियम सांगितला: "हे बघ, इफच्या पाठीमागं विल येत नाही. डोक्यात ठेव." त्याने ठेवला. बुधवारची मेल लिहिताना त्याने आधी "लेट मी नो इफ यू विल सेंड द ट्रक" असंच टाइप केलं होतं. "मग सर, तुमचं आठवलं, अन् विल खोडून टाकलं," तो म्हणाला.

आधीचं वाक्य बरोबर होतं. साहेबांनी ते वाचलं असतं तर तो प्रश्न आहे हे त्यांना कळलं असतं आणि गुरुवारीच "येस" किंवा "नो" आलं असतं. मी दिलेला नियम अर्धा होता, आणि अर्ध्या नियमाने त्याचं एक बरोबर वाक्य बिघडवलं. हे त्या दिवशी त्याच्यासमोर मी कबूल केलं. ते कबूल केल्याशिवाय पुढचं शिकवण्याचा मला अधिकार नव्हता.

इंग्रजीतल्या एका 'इफ'ची मराठीत दोन घरं

आपण मराठीत दोन गोष्टी दोन वेगळ्या शब्दांनी म्हणतो.

"गाडी पाठवलीत तर कळवा." ही अट आहे. पाठवण्याची गोष्ट घडली, तरच कळवण्याचं काम सुरू होतं. घडली नाही तर समोरच्याने काहीही करायचं नाही.

"गाडी पाठवणार का ते कळवा." हा प्रश्न आहे. उत्तर हो असो वा नाही, कळवायचंच आहे.

इंग्रजी या दोन्हींसाठी 'इफ' वापरते. मग कोणता 'इफ' कुठला, हे वाचणाऱ्याला कळावं कसं? पुष्कळदा ते क्रियापदावरून कळतं. अटीच्या इफमध्ये पुढची गोष्ट असली तरी क्रियापद साध्या वर्तमानात राहतं: "इफ यू सेंड." प्रश्नाच्या इफमध्ये पुढच्या गोष्टीला 'विल' लागतं: "इफ यू विल सेंड." म्हणजे "लेट मी नो इफ यू सेंड" हे "पाठवलीत तर", आणि "लेट मी नो इफ यू विल सेंड" हे "पाठवणार का". एवढा एक शब्द दोघांना वेगळं ठेवतो. तो खोडला की प्रश्नाची अट होते.

आमच्या डेपोच्या साहेबांच्या तेलुगूतही ही दोन घरं वेगळीच आहेत. "पंपिस्ते" म्हणजे पाठवलं तर, आणि "पंपिस्तारो लेदो" म्हणजे पाठवणार की नाही. 'विल' नसलेलं वाक्य त्यांच्या कानाला "पंपिस्ते" असंच लागलं आणि त्यांनी तसंच वागायचं ठरवलं. दोघांच्याही भाषेत फरक होता. तो मधल्या इंग्रजीत पुसला गेला.

या प्रकरणातून मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट इथेच आहे. अटीच्या वाक्यानंतर समोरून काहीच आलं नाही, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ "अजून घडलेलं नाही" असा होतो. प्रश्नाच्या वाक्यानंतर काही आलं नाही, तर अर्थ "उत्तर बाकी आहे" असा होतो आणि आपण फोन उचलतो. शुक्रवारी सहा वाजता पोराच्या हातात शांतताच होती. ती त्याने "नाही" अशी वाचली. डेपोच्या साहेबांसाठी तीच शांतता "गाडी अजून भरतेय" अशी होती. मेल पाठवताना आपण फक्त माहिती मागत नसतो, उत्तर न आल्यास काय समजायचं हेही ठरवत असतो.

मग 'विल' येतं तरी कुठून

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण मराठी माणूस मराठीत बोलताना अटीत भविष्यकाळ फारसा वापरत नाही. "पाऊस आला तर माल झाका" असं म्हणतो, "पाऊस येईल तर" असं सहसा म्हणत नाही. 'आला' हे रूप भूतकाळाचं, गोष्ट उद्याची, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. इंग्रजीही तेच करते. अटीत तीही भविष्यकाळ टाळते, फक्त भूतकाळाऐवजी वर्तमान घेते. म्हणजे या बाबतीत दोन्ही भाषा एकाच वळणाच्या आहेत.

पोराला मी विचारलं, "मनात 'आला तर' आलं, मग विल कसं लिहिलंस?" तो म्हणाला, "सर, 'इफ रेन केम' लिहिलं तर काल पाऊस आल्यासारखं वाटतं. गोष्ट तर उद्याची. अन् वाक्याच्या दुसऱ्या तुकड्यात विल हायच." त्याचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. 'केम' नको हे त्याला बरोबर कळलं होतं. मग पुढच्या काळासाठी त्याच्याजवळ एकच हत्यार उरलं, आणि ते दोन्ही तुकड्यांना लागलं. शाळेत भविष्यकाळ म्हणजे विल एवढंच आपण घोकलेलं असतं. उद्याच्या गोष्टीला वर्तमानाचं रूप चालतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. हिंदीचाही हात लागतो, कारण "आप भेजेंगे तो मैं करूँगा" यात दोन्हीकडे सरळ भविष्य आहे आणि आपल्याकडे कामाची निम्मी बोलणी हिंदीत होतात.

पण सगळ्यात मोठा घोटाळा 'असेल' करतं. "काही अडचण असेल तर कळवा." "पोतं फाटलेलं असेल तर फोटो काढा." "बिल्टी पाठवली असेल तर नंबर द्या." 'असेल' दिसायला भविष्यकाळ आहे, म्हणून डोक्यात लगेच 'विल बी' उमटतं. प्रत्यक्षात या तिन्ही वाक्यांत भविष्य अजिबात नाही. अडचण आत्ता असेल, पोतं आधीच फाटलेलं असेल, बिल्टी काल पाठवलेली असेल. 'असेल' तिथे फक्त "मला माहीत नाही, कदाचित" एवढंच सांगतं. इंग्रजीत हे काम 'इफ' एकटा करतो, त्याला आणखी मदतनीस लागत नाही. म्हणून:

"इफ देअर इज एनी प्रॉब्लेम, कॉल मी."
"इफ एनी बॅग इज टॉर्न, प्लीज टेक अ फोटो."
"इफ यू हॅव सेंट द एलआर, प्लीज शेअर द नंबर."

तिसऱ्याकडे जरा थांबून बघावं. त्याच्या मेलमध्ये ते "इफ यू विल सेंट" असं आलं होतं. 'असेल'चं विल आणि 'पाठवली'चं सेंट एकमेकांना चिकटले होते. वरवर बघणाऱ्याला ती निव्वळ बेपर्वाई वाटली असती, पण त्याने मराठीचा प्रत्येक शब्द इमानाने इंग्रजीत नेला होता.

पेन्सिलीने केलेली छाननी

सोमवारी गाडी रिकामी झाली आणि संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. त्याच्या मागच्या पंधरवड्यातल्या मेलमधून 'इफ' असलेली वाक्यं छापून काढली आणि मी त्याला नवा नियम दिला नाही. मी म्हणालो, "प्रत्येक वाक्य तुझ्या मनात मराठीत कसं होतं ते समासात पेन्सिलीने लिही. पूर्ण नको. फक्त 'तर' होतं का 'का' होतं, एवढंच."

एक जागा सोडली तर त्याला कुठेच अडखळावं लागलं नाही. इंग्रजीत जिथे त्याची दांडी उडत होती, तिथे मराठीत तो अगदी ठाम होता. समासात बहुतेक ठिकाणी 'तर' आलं. तिथलं प्रत्येक 'विल' त्याने स्वतः खोडलं. काही ठिकाणी 'का' आलं: "कन्फर्म इफ ट्रान्सपोर्टर विल गिव्ह टेन-व्हील," "टेल इफ मॅनेजर विल साइन टुडे." तिथे 'विल' ठेवलं, आणि इफ काढून 'व्हेदर' घातला. 'व्हेदर' अटीचं काम करूच शकत नाही, तो फक्त 'की नाही'चा आहे. म्हणून जिथे होकार-नकार हवा आहे तिथे तो लिहिला की वाचणाऱ्याला दुसरा अर्थ काढायला जागाच राहत नाही. मराठीत 'कळवा'च्या आधी "की नाही" जोडून बघायचं. जोडलं गेलं तर व्हेदर. "गाडी पाठवणार की नाही ते कळवा" हे बसतं. "अडचण असेल तर की नाही कळवा" हे बसत नाही.

एक वाक्य मात्र दोन्हींत बसेना. "आय विल बी थँकफुल इफ यू विल सेंड द ओल्ड लॉट रजिस्टर." मी विचारलं, "मनात काय होतं?" तो म्हणाला, "मेहरबानी करून पाठवा, असं." हे तिसरं घर. इथे 'विल'चा अर्थ भविष्यकाळ नाही, समोरच्याची राजीखुशी आहे. "इफ यू विल साइन हिअर" असं काउंटरवरचा माणूस म्हणतो, तेव्हा तो "जरा इथे सही करता का" असं म्हणत असतो, आणि ते शुद्ध इंग्रजी आहे. मेलमध्ये मात्र ही विनंती 'वुड' किंवा 'कुड'ने जास्त मऊ होते: "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द ओल्ड लॉट रजिस्टर." या राजीखुशीच्या विलमुळे साध्या अटीतलं चुकीचं विल कधीकधी कानाला लागतं. "इफ यू विल सेंड द स्टेटमेंट, आय विल डू द एंट्री" हे वाचून एखाद्याला वाटू शकतं की हा माणूस विचारतोय, "पाठवायची तयारी असेल तर बघा." सहकाऱ्याच्या कामाबद्दल असा संशय आपल्या मनातही नसतो, तरी तो वाक्यात जाऊन बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट कागदावर दिसली. मराठीत 'जर' गाळला तरी चालतो, 'तर' गाळता येत नाही. इंग्रजीत उलट आहे, 'इफ' हवाच, 'देन' नसला तरी चालतो. घाईत लिहिलेल्या दोन मेलमध्ये त्याने "यू विल सेंड द लिस्ट, देन आय विल मेक द चलन" असं लिहिलं होतं. त्याच्या मनात "तुम्ही यादी पाठवाल तर मी चलन करीन" होतं. वाचणाऱ्याला ते "तुम्ही यादी पाठवणार आहात, त्यानंतर मी चलन करीन" असं दिसतं. अटीचं आश्वासन होऊन बसतं, आणि मग यादी आली नाही की दोघांत उगाच कुरकुर होते.

न पाठवलेली मेल

त्या सोमवारी त्याने डेपोसाठी एक मसुदाही करून ठेवला होता. त्यातलं मुख्य वाक्य: "इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड अस ऑन फ्रायडे, वी वुड हॅव अरेंज्ड लेबर." मागे "कळवलं असतं तर लावले असते" आहे, हे सांगायला नको. 'असतं' दोन्हीकडे आलं म्हणून 'वुड हॅव' दोन्हीकडे गेलं. इंग्रजीत अटीच्या तुकड्यात 'हॅड' लागतं: "इफ यू हॅड इन्फॉर्म्ड अस." बोलताना अमेरिकेतली माणसंही पुष्कळदा 'वुड हॅव' म्हणतात, पण ऑफिसच्या कागदावर ते चूकच धरलं जातं.

मी व्याकरण दुरुस्त केलं आणि मग ती मेल पाठवू नको म्हणालो. व्याकरण बरोबर झाल्यावर तर ते वाक्य जास्तच टोचत होतं. "तुम्ही कळवलं असतं तर" या वाक्यात "तुम्ही कळवलं नाही" हे ठणठणीतपणे म्हटलेलं असतं. आणि ते खोटं होतं. त्यांनी कळवलं होतं, आम्ही जे मागितलं होतं ते आणि तेव्हाच. त्याऐवजी मी माझ्या नावाने दोन ओळी पाठवल्या: आमची मेल स्पष्ट नव्हती, हॉल्टिंग आमच्या खात्यात टाका.

आताची मेल

पुढच्या रिटर्न गाडीच्या वेळी त्याने लिहिलं: "प्लीज कन्फर्म बाय ५ पीएम ऑन थर्सडे व्हेदर द ट्रक विल लीव्ह ऑन फ्रायडे नाइट. प्लीज रिप्लाय इव्हन इफ इट इज नॉट लीव्हिंग." दुसरं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. "निघणार नसली तरी उत्तर द्या" हे त्याने आपल्या मनाने घातलं, आणि शांततेचा प्रश्नच मिटवून टाकला. मराठीतलं 'तरी' त्याने 'इव्हन इफ'मध्ये अचूक उतरवलं होतं. त्यात 'विल'ही नव्हतं.

गुरुवारी चारच्या आत "येस, लीव्हिंग फ्रायडे ९ पीएम" असं उत्तर आलं. हमाल सांगून झाले.

एकच गाठ अजून सुटायची आहे. "तुम्ही कन्फर्म करत नाही तोपर्यंत" हे तो "अन्टिल यू विल नॉट कन्फर्म" असं लिहितो. आपल्या 'तोपर्यंत'च्या आधी 'नाही' येतं, पण 'अन्टिल'च्या पोटात ते आधीच आहे, म्हणून "अन्टिल यू कन्फर्म" एवढंच पुरतं. 'विल' त्याने काढलं, 'नॉट' अजून परत-परत येतं. जिथे आपण 'नाही' म्हटल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, तिथे ते हातातून सुटायला वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात तो स्क्रीन दाखवायला आला. डेपोच्या साहेबांची मेल होती: "इफ इट विल हेल्प, आय कॅन सेंड द लोडिंग फोटो." तो म्हणाला, "सर, साहेबांनी इफ टाकून विल लिहिलंय. अन् 'का' पण बसत नाही, 'मेहरबानी' पण बसत नाही."

मी म्हणालो, "मराठीत सांग बरं."

तो थोडा थांबला. "'उपयोग होणार असेल तर फोटो पाठवतो.'"

"'झाला तर' का नाही म्हणालास?"

"फोटो आधी येणार, उपयोग मागून. 'उपयोग झाला तर फोटो पाठवतो' म्हणलं तर उलटंच होतंय."

तेच कारण आहे. साध्या अटीत अट आधी घडते आणि परिणाम मागून येतो. इथे फोटो आधी पाठवला जाणार आणि उपयोग त्यानंतर होणार, म्हणून उपयोगाला त्याचं स्वतःचं भविष्य लागतं. मराठी तिथे "होणार असेल" म्हणते, इंग्रजी 'विल' ठेवते. त्याने समासात पेन्सिलीने "णार असेल" असं लिहिलं आणि साहेबांना उत्तर टाकलं: "येस सर, इट विल हेल्प. प्लीज सेंड."